फोन उचलला नाही तर पुढे काय? एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ शेजाऱ्यांशी ठरवून ठेवलेल्या गोष्टी : अनुभव धागा

केवडा

"काही लागलं तर हाक मारा" असं आपण शेजारच्या आजी-आजोबांना सहज म्हणतो, पण हाक मारायची वेळ येते तेव्हा नेमकी तीच मारता येत नाही. म्हणून 'काही लागलं तर' सोडून रोजची एक वेळ ठरवली, की काय फरक पडतो हे लिहायला हा धागा काढतेय. वेळ कोणती ठरली, फोन उचलला गेला नाही तर काय करायचं ठरलं, कुठे अडलं, ते सविस्तर लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. समोरच्या दारातल्या काकू गणिताच्या निवृत्त शिक्षिका आहेत, वय ऐंशीच्या पुढे. सकाळी 9 ला मी फोन करते. उचलला नाही तर पंधरा मिनिटांनी पुन्हा. तरी नाही तर बेल वाजवायची, दारातून मोठ्याने नाव घेऊन हाक मारायची, आणि मग माझ्याकडच्या किल्लीने दार उघडायचं. हा क्रम काकूंनी स्वतः कागदावर लिहून दिलाय. त्यांची अटही त्यातच आहे : मी आत जाऊन बघेपर्यंत परगावच्या मुलाला कळवायचं नाही, उगाच तो तिकडे घाबरतो. बाहेर जाणार असतील तर आदल्या रात्री मेसेज करायचा ही त्यांची जबाबदारी, आणि ती त्या चोख पाळतात.

कागद लिहिताना एक गोष्ट त्यांनाच सुचली. रात्री त्या आतून कडी लावायच्या, म्हणजे माझी किल्ली असून नसल्यासारखी. आता फक्त लॅच लावतात. किल्ली देऊन ठेवलेल्या प्रत्येकाने हे एकदा तपासून बघा : आतून बंद केलेलं दार त्या किल्लीने बाहेरून खरंच उघडतं का?

मागच्या पावसाळ्यात एकदा 9 चा फोन वाजत राहिला. दुसराही. बेल दिली तर आतून आवाज आला, "आहे गं, खाली बसलेय." पहाटे पलंगावरून उतरताना घसरल्या होत्या. लागलं काहीच नव्हतं, पण उठता येत नव्हतं. फोन टेबलावर. आत गेल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "नऊ वाजायची वाट बघत होते." पाय चादरीने झाकून घेतले होते आणि उशी पाठीशी ओढून घेतली होती.

पाणवठा

खूप छान. पण मला वाटतं हल्ली मनगटी घड्याळ मिळतं, पडलं की आपोआप फोन लावतं. ते घेऊन दिलं की रोज फोन करायची गरज राहत नाही. आम्ही मामांना दिलंय, निर्धास्त आहोत.

रुईफूल

मी वृद्धांसोबत काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. घड्याळ जरूर द्या, पण निर्धास्त होऊ नका. ते जोराचा आदळा ओळखतं. केवडाच्या काकू जशा पलंगावरून हळूच घसरल्या, तसं घसरणं त्याला बरेचदा कळत नाही. शिवाय आंघोळीला जाताना आणि चार्जिंगला लावताना ते हातात नसतं, आणि न्हाणीघर ही तर घसरायची हक्काची जागा.

काकूंना लागलं नव्हतं तरी उठता आलं नाही, हे नेहमीचं आहे. पडण्याइतकाच धोका त्यानंतर जमिनीवर पडून राहण्याचा असतो. तासाभराच्या वर गेलं की शरीर गार पडतं, पाणी कमी होतं, एकाच जागी दाब आल्याने त्वचा आणि स्नायू दुखावतात, आणि खूप वेळ गेला तर त्याचा भार मूत्रपिंडांवर येतो. रोजच्या ठरलेल्या फोनने पडणं थांबत नाही, पडून राहण्याला मात्र एक मर्यादा येते. म्हणून एकदाच्या फोनपेक्षा सकाळ-संध्याकाळ दोनदा बरा.

आत गेल्यावर काखेत हात घालून ओढू नका. आधी शेजारी बसून विचारा : कुठे दुखतंय, डोकं आपटलं का, दोन्ही पाय हलतात का? एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं असेल, तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. तिथे हलवायचं नाही, ॲम्ब्युलन्स बोलवायची. डोकं आपटलं असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर माणूस हसून बोलत असला तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण आतला रक्तस्राव उशिरा जाणवू शकतो.

यातलं काही नसेल तर त्यांना स्वतः उठू द्या, आपण फक्त न घसरणारी खुर्ची जवळ आणायची. कुशीवर वळायचं, कोपरावर भार देऊन रांगायच्या स्थितीत यायचं, दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर, जो पाय जास्त बळकट त्याचं पाऊल पुढे, मग उठून वळून बसायचं. मध्ये हवा तितका दम घेऊ द्या.

जुना_वाचक

माझी अडचण वेगळी आहे. आमच्या वरच्या मजल्यावरचे भाऊसाहेब फोन ठेवूनच देतात. मला वाटतं त्यांना राग येतो. की ऐकूच येत नाही? मी तर ओरडून बोलतो.

रुईफूल

ओरडण्यानेच बिघडत असेल. वयाबरोबर आधी उंच पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात. स, श, फ हरवतात, शब्द पुसट होतो. ओरडलं की आवाज आणखी उंच जातो. किंचित खालच्या पट्टीत, सावकाश बोला. आधी नाव सांगा, मग क्षणभर थांबा. आणि रिंग लांब वाजू द्या. चार रिंगमध्ये फोन बंद होतो हे माहीत असलं की माणूस धावत उठतो, आणि त्यातच तोल जातो.

सुगरणीचं_घरटं

मी स्वतः एकटी राहते, वय 78. दुसरी बाजूही यावी म्हणून लिहितेय.

शेजारचा मुलगा आधी रोज विचारायचा, "आजी, बऱ्या आहात ना?" याला "हो" सोडून दुसरं उत्तर काय देणार? मग मीच त्याला सांगितलं, काम असेल तर फोन कर. आता त्याच्या मुलीचा इंग्रजी निबंध मी तपासते, संध्याकाळी 7 ला ती फोनवर वाचून दाखवते. माझी तब्येत त्यांना त्यातच कळते. एकदा मी तिच्या एकाच वाक्यावर पुन्हापुन्हा येत होते आणि तिचं नाव चुकवत होते. तिने बाबांना सांगितलं, ते लगेच वर आले. लघवीचा संसर्ग निघाला. ताप नव्हता, मला स्वतःला काही जाणवतही नव्हतं.

पाणवठा

पण या वयात थोडा विसरभोळेपणा असतोच ना?

रुईफूल

हळूहळू महिने-वर्षं वाढत जाणारा विसर वेगळा. काल नीट बोलणारं माणूस आज गोंधळलं, तर तो त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचा विषय आहे. संसर्ग, पाणी कमी पडणं, नवीन सुरू झालेली गोळी, काहीही असू शकतं. बोलणं जड झालं, तोंड एका बाजूला वाकडं झालं किंवा एक हात उचलेना, तर दिवसाचीही वाट बघायची नाही, तो पक्षाघात असू शकतो. आजींचा आवाज रोज ऐकणाऱ्या मुलीला फरक कळला. महिन्यातून एकदा भेटणाऱ्याला कळला नसता.

तळ्याकाठी

आमच्या शेजारच्या आजोबांनी किल्ली द्यायला ठाम नकार दिलाय. म्हणतात, माझं घर, माझं दार. सकाळी खिडकीचा पडदा उघडायचा एवढं मान्य केलंय. 8 पर्यंत उघडला नाही तर मी बेल वाजवते. पण बेलला उत्तर आलं नाही तर दार फोडायचं का, कोणाला विचारून, हे त्यांच्याशी अजून ठरलेलं नाही.

केवडा

ते आत्ताच, ते ठणठणीत असताना त्यांनाच विचारा. काकूंना मी विचारलं होतं, "मी किती वेळ थांबू?" पंधरा मिनिटं हा आकडा त्यांचाच आहे. कदाचित तुमचे आजोबा तासभर म्हणतील, किंवा किल्ली भाचीकडे ठेवा म्हणतील.

तळ्याकाठी

भाची आहे, पण दोन तासांच्या अंतरावर. विचारते उद्या.