अनुभव धागा: कट-ऑफच्या स्क्रीनशॉटवरून कॉलेज मिळेल की नाही, हे तुम्ही कसं जोखलंत?

कृष्णाकाठ

धाकट्या लेकीचं वर्ष जवळ आलंय, म्हणून थोरलीच्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या वेळचं सगळं पुन्हा डोक्यात घोळतंय. आधी माझा अनुभव लिहिते, मग तुम्ही तुमचे लिहा.

२०२३ साल. थोरली सांगलीत बारावी झाली, ओबीसी. सीईटीत ९०.८ पर्सेंटाइल. गुणवत्ता यादीत तिच्या नावापुढे दोन आकडे होते, राज्याचा सर्वसाधारण क्रमांक २२,४१६ आणि ओबीसीतला ५,९०० च्या आसपास. पहिल्या फेरीत काहीच मिळालं नाही. त्या संध्याकाळी माझ्या भाच्याने पुण्याच्या एका खासगी कॉलेजच्या कॉम्प्युटर शाखेचा स्क्रीनशॉट पाठवला. यादीतला एवढासा तुकडा, वर GOBCH, खाली १७,९०५ आणि त्याखाली कंसात ९२.६.

आम्ही म्हटलं, रकाना ओबीसीचा आहे तर आकडाही ओबीसीचाच असणार. ५,९०० कुठे आणि १७,९०५ कुठे! कंसातलं ९२.६ मात्र मनात टोचत होतं. ते खुल्या वर्गाचं असेल, असं आम्हीच आमचं ठरवून टाकलं. दुसऱ्या फेरीच्या अर्जात ते कॉलेज पहिलं टाकलं, त्याखाली त्याच तोडीची पुण्यातली आणखी तीन, आणि तिथेच अर्ज बंद केला. कोथरूडला एका वसतिगृहात दहा हजार आगाऊ भरून आलो.

दुसऱ्या फेरीतही काही मिळालं नाही. पोरगी दोन दिवस जेवली नाही. तो स्क्रीनशॉट अजून माझ्या फोनमध्ये आहे.

खिडकीनंबर३

ताई, मी बरीच वर्षं प्रवेशाच्या सुविधा केंद्रावर कागदपत्रं तपासायला बसलोय. तुमच्यासारखी चूक करून आलेले आईवडील दर वर्षी समोर असायचे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या यादीतला प्रत्येक आकडा, मग रकाना कोणत्याही प्रवर्गाचा असो, राज्याचा सर्वसाधारण गुणवत्ता क्रमांक असतो. GOBCH खाली १७,९०५ लिहिलंय याचा अर्थ, त्या रकान्यातून प्रवेश मिळालेल्या शेवटच्या ओबीसी विद्यार्थ्याचा राज्यातला क्रमांक १७,९०५ होता. कंसात त्याच मुलाचं पर्सेंटाइल. म्हणजे तुलना २२,४१६ शी करायची होती. फाइलमध्ये पानावर हे लिहिलेलं असतं, पण स्क्रीनशॉट काढताना नेमकी तीच ओळ कापली जाते.

दुसरी गोष्ट शेवटच्या अक्षराची. H म्हणजे होम युनिव्हर्सिटी, O म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाचे, S म्हणजे राज्यपातळी. तुमची मुलगी सांगलीची, म्हणजे शिवाजी विद्यापीठाची. कॉलेज पुणे विद्यापीठाचं. GOBCH चा आकडा तिच्यासाठी नव्हताच. GOBCO बघायला हवं होतं आणि मुलगी असल्यामुळे सोबत LOBCO सुद्धा, कारण पहिलं अक्षर G असेल तर सर्वांसाठी आणि L असेल तर मुलींसाठी. मुलीने दोन्ही बघायचे. आणि ओबीसी असली तरी GOPENO आणि LOPENO सुद्धा तिचेच, खुल्या जागा सगळ्यांना गुणवत्तेवर असतात.

पूर्ण फाइल असेल तर त्याच पानावरचे बाकीचे आकडे टाका ना इथे.

कृष्णाकाठ

फाइल आहे. त्याच शाखेला GOBCO १४,३१० (९४.१) आणि LOBCO १५,८७० (९३.५). खुल्याचे दोन्ही आकडे त्याहूनही लहान. म्हणजे आमच्या २२,४१६ ला त्या पानावर कुठेच जागा नव्हती. हे मी आज पहिल्यांदाच नीट वाचलं.

सातारकर_बाबा

खिडकीवाल्या साहेबांचं बरोबर आहे, पण प्रवर्गाचा क्रमांक अगदीच निरुपयोगी नाही. त्यावरून आपल्यापुढे किती ओबीसी आहेत ते कळतं. माझ्या मुलाच्या वेळी मी तोच धरून अंदाज बांधला आणि बरोबर आला. शिवाय एक लक्षात ठेवा, पानाच्या डाव्या कडेला रोमन आकडे असतात, I, II वगैरे. त्या फेऱ्या. खालच्या ओळीत आकडा सैल दिसला तर समजा की दुसऱ्या फेरीत कट-ऑफ उतरणार.

खिडकीनंबर३

बाबा, पहिलं मान्य. आपल्यापुढे किती हे त्यातून कळतं, फक्त यादीतल्या आकड्याशी तो जुळवायचा नाही.

दुसरं मात्र नाही. ते रोमन आकडे टप्प्यांचे असतात, फेरीचे नव्हे. एका फाइलमध्ये एकच फेरी असते आणि फेरी पानाच्या डोक्यावर लिहिलेली असते. एखाद्या प्रवर्गाची जागा घ्यायला त्याच प्रवर्गातलं कोणी उरलं नाही की ती जागा पुढच्या टप्प्यात दुसऱ्यांकडे वळते. असं सगळं एकाच फेरीत, एकाच दिवशी होतं. खालच्या टप्प्यातला सैल आकडा अशा वळवलेल्या एखाद्या जागेचा असू शकतो. त्यावर भरवसा ठेवून पुढच्या फेरीची वाट बघणं धोक्याचं.

लातूर_ते_पुणे

मी आता तिसऱ्या वर्षाला आहे. माझं होम युनिव्हर्सिटीचं प्रकरण वेगळंच होतं. घर सोलापूरचं, आधारवर सोलापूर, जन्म सोलापूरचा. अकरावी-बारावी लातूरला केली, तिकडे जातात तशी. पप्पांनी सोलापूर विद्यापीठाची कॉलेजं काढून H चे रकाने पिवळ्या पेनाने रंगवले होते. कागदपत्रं तपासताना कळलं की होम युनिव्हर्सिटी बारावी जिथून झाली तिथून ठरते. मी नांदेडच्या विद्यापीठाचा निघालो. रंगवलेले सगळे रकाने O चे करून पुन्हा बघावे लागले, आणि चार कॉलेजं हातातून गेली.

शेवटी मला स्वायत्त कॉलेज मिळालं. त्याच्या पानावर H आणि O नव्हतेच, सगळे रकाने S चे. तिथे कुठलं विद्यापीठ हा प्रश्नच आला नाही, एकच आकडा बघायचा.

मंजिरी_नागपूर

मला कोणी सांगेल का? माझ्या भाचीला बारावीला ७८ टक्के पडतील असा अंदाज आहे. या याद्यांत ९२, ९४ असे आकडे दिसतात. मग तिला इंजिनिअरिंग मिळणारच नाही का? माझ्या वेळी बीकॉमला कॉलेजच्या दारावर पहिली यादी, दुसरी यादी लागायची, त्यात बारावीचेच टक्के असायचे. म्हणून विचारते.

लातूर_ते_पुणे

मावशी, हे टक्के नाहीत, सीईटीचं पर्सेंटाइल आहे. ९२ म्हणजे परीक्षा दिलेल्या शंभरातले साधारण ब्याण्णव तिच्या बरोबरीचे किंवा मागे. दोनशेपैकी निम्मे गुणसुद्धा नसताना नव्वदच्या वर गेलेले मित्र आहेत माझे. बारावीचे ७८ फक्त पात्रतेसाठी लागतात, तिथे ती आरामात पार आहे. तिचा सीईटीचा निकाल काय आहे ते सांगा.

मंजिरी_नागपूर

तिने सीईटी दिलीच नाहीये अजून. ती आत्ता अकरावीत आहे.

दोनदा_तपासा

आमचं रडू वेगळ्या फाइलीतलं. मुलाला सीईटीत ९३ पर्सेंटाइल, जेईई मेनमध्ये ७१. शेजारच्या काकूंनी स्क्रीनशॉट पाठवला, मुंबईतलं चांगलं कॉलेज, आयटी, कंसात ८८. घरात दिवाळी. नंतर पूर्ण फाइल उघडली तर ती ऑल इंडिया जागांची यादी निघाली. त्या जागा जेईई मेनच्या गुणांवर भरतात आणि त्यांचा गुणवत्ता क्रमांकही वेगळा असतो. म्हणजे ते ८८ जेईईचे, आणि मुलाकडे ७१. त्याच शाखेची महाराष्ट्राच्या जागांची यादी काढली तर तिथे ९७ च्या वर.

आता कोणी स्क्रीनशॉट पाठवला की मी आधी विचारते, याचं पूर्ण पान पाठव. नसेल तर मी आकडा वाचतच नाही.

सातारकर_बाबा

टप्प्यांचं मला खरंच माहीत नव्हतं, बरं झालं कळलं. पण एक शंका आहे. धाकटीसाठी ताई आता मागच्या वर्षीची यादी बघणार. तेव्हा क्रमांक बघायचा की पर्सेंटाइल? मी पर्सेंटाइल म्हणतो. परीक्षा देणारे वाढले की क्रमांकाचा आकडा आपोआप वाढतो, पर्सेंटाइल तेवढंच राहतं.

खिडकीनंबर३

मी उलट म्हणेन. कॉलेजात जागा साठ असतात, पर्सेंटाइल साठ नसतात. पोरं वाढली आणि जागा तेवढ्याच राहिल्या तर ९२ वाल्याच्या पुढे जास्त मुलं असतात आणि काल मिळालेलं कॉलेज आज मिळत नाही. क्रमांकात ते दिसतं, पर्सेंटाइलमध्ये लपतं. निकाल लागल्यावर तात्पुरती गुणवत्ता यादी येईपर्यंत क्रमांक हातात नसतो, तेवढे दिवस पर्सेंटाइलवर भागवायचं.

पण जागाही स्थिर नाहीत. २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगल्या संस्थांना शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादा काढली आणि अनेक कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवल्या. एखाद्या शाखेत साठाच्या एकशेवीस जागा झाल्या असतील, तर आदल्या वर्षीचा स्क्रीनशॉट त्या शाखेसाठी टाकून द्यावा. कॉलेजची या वर्षीची प्रवेशक्षमता सीईटी सेलच्या यादीत असते, ती शेजारी ठेवून वाचा.

सातारकर_बाबा

जागा वाढल्या तरी मागणी त्याच शाखेला वाढते, म्हणून कट-ऑफ फारसा उतरत नाही असंही मी आमच्या भागात बघितलंय. त्यामुळे मी अजून पर्सेंटाइललाच धरून आहे.

कृष्णाकाठ

थोरलीचं पुढचं सांगायचं राहिलं. तिसऱ्या फेरीला आम्ही शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीतली कॉलेजं काढली. या वेळी H चे रकाने आमचे होते. एका कॉलेजच्या ईअँडटीसीला दुसऱ्या फेरीत LOBCH २३,९०० (९०.२) होता. आमचा क्रमांक २२,४१६, म्हणजे जवळपास दीड हजार आत. तरी धीर होईना, म्हणून त्याच्याखाली २८,००० च्या पुढे थांबलेल्या पाच शाखा टाकल्या. वर मात्र पुण्यातली दोन तशीच ठेवली, कारण वाटप आपल्या पसंतीच्या क्रमाने होतं, वर टाकल्याने खालचं जात नाही हे तोवर कळलं होतं. ईअँडटीसी मिळाली. मुलगी आता तिथेच आहे.

धाकटी खुल्या रकान्यातून जाईल असं दिसतंय, कारण या वर्षी आमचा नॉन-क्रिमिलेअर दाखला निघेल की नाही याची खात्री नाही. तो नसेल तर GOBC चे आकडे बघणंच सोडून द्यायचं ना, खिडकीवाले दादा? की अर्ज भरताना पावती चालते? कोणाचा असा अनुभव असेल तर लिहा, दाखला तहसीलला तीन आठवडे अडकलाय.