पुण्याचं खातं: नव्या ठरावातून नक्की काय घ्यायचं?

श्रीनिवास, न्यू जर्सी

नमस्कार मंडळी,

आपल्या पुण्यातल्या कलम ८ च्या कंपनीच्या खात्याच्या सह्या बदलायच्या आहेत. संचालक मंडळाची सभा २० जुलैला व्हिडिओवर झाली. ठराव इंग्रजीत आहे, त्याचा मथितार्थ असा:

“१० एप्रिल २०१९ च्या ठरावात अंशतः बदल करून, निवृत्त होणाऱ्या संचालिकेचं नाव अ गटातून कमी करावं आणि नव्या संचालकाचं नाव १ ऑगस्टपासून घालावं. एक लाखाच्या आतल्या रकमेला अ गटातला एक आणि ब गटातला एक, एक लाखाच्या वर अ गटातल्या दोघांच्या सह्या.”

२०१९ च्या ठरावात ५०,००० पर्यंत वाचनालयाच्या व्यवस्थापकांची एकट्याची सही चालत होती आणि त्यावर अ गटातले दोघे. ब गटात तेव्हाही आणि आताही फक्त व्यवस्थापकच. बँकेचा मँडेट फॉर्म मला भरायचाय. कोणत्या रकान्यात काय लिहू?

अनिरुद्ध, सिंगापूर

अरे, यात अवघड काय आहे? सभा २० जुलैला झाली, म्हणजे ठराव २० जुलैपासून लागू. नवी मर्यादा आली की जुनी आपोआप गेली. एक लाखापर्यंत दोन सह्या, वर दोन सह्या, संपलं. फॉर्मवर २० जुलै टाक आणि पाठवून दे.

मेधा, पुणे

अनिरुद्ध, नवी मर्यादा जुनीला भिडते तिथे नवीच चालणार, हे खरं. पण ठरावाची सुरुवात ‘अंशतः बदल करून’ अशी आहे, ‘आधीचे सर्व ठराव रद्द करून’ अशी नाही. त्यामुळे ज्याला हात लावलेला नाही ते जिवंत राहतं. आता व्यवस्थापकांची ५०,००० पर्यंतची एकट्याची सही बघ. नव्या ठरावात तिच्याबद्दल एक अक्षर नाही, आणि नव्या ओळीप्रमाणे ४०,००० च्या चेकवरही दोन सह्या लागतात. संचालकांना एकट्याची सही काढायची होती, की ती ठेवून फक्त ५०,००० ते एक लाख हा टप्पा बदलायचा होता? हे तू ठरवायचं नाहीस, मीही नाही. संचालकांनाच विचारायचं.

मी बँकेत मँडेटचं टेबल सांभाळलं आहे. आम्ही कच्च्या कागदावर चार रकाने आखत असू: कोण, कशासाठी, किती रकमेपर्यंत, कधीपासून. प्रत्येक रकान्याशेजारी ठरावातलं वाक्य जसंच्या तसं उतरवायचं. वाक्य सापडलं नाही तर रकाना रिकामा सोडायचा. रिकाम्या रकान्यात ‘असंच असणार’ म्हणून काही लिहिलं की पुढे भांडण लागतं.

तारखा या कामात तीन आहेत. २० जुलै सभेची. १ ऑगस्ट ठरावाने दिलेली, आणि तीही वाक्यात नव्या नावालाच जोडलेली. कमी होणाऱ्या नावाची आणि मर्यादांची तारीख लिहिलेली नाही. तिसरी तारीख, बँक आपल्या नोंदीत बदल करेल ती. कागद पोचेपर्यंत बँक जुन्या सह्यांवरच चालते. म्हणून काढायचं नाव अडकवून ठेवू नका, त्याचं पत्र आजच द्या. घालायचं नाव सावकाश होऊ दे.

आणि श्रीनिवास, प्रमाणित प्रतीवरची तारीख वाच. १८ जुलै आहे. सभा २० ला झाली आणि दाखला १८ चा! जुना मसुदा तसाच वापरलाय. शिवाय दाखल्यावर सही त्याच संचालकाची आहे, ज्याचं नाव आत घालायचंय. दुसऱ्या संचालकाकडून नव्याने घ्या, नाहीतर लक्ष्मी रोडवरची शाखा परत पाठवेल आणि बरोबरच करेल.

वसंतकाका, टोरंटो

मंडळी, आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सेक्रेटरी बदलले तेव्हा नुसत्या पत्रावर काम झालं होतं. एवढा ठरावाचा पसारा कशाला? सेक्रेटरी, खजिनदार आणि अध्यक्ष यांपैकी दोघांच्या सह्या असं कायमचं लिहून टाकलं की झालं. आमच्याकडे कित्येक वर्षं तेच चालू आहे.

मेधा, पुणे

काका, सोसायटीचं खातं वेगळं. तिथे बहुधा आधीच्या ठरावात ‘त्या त्या वेळचे पदाधिकारी’ असं लिहिलेलं असणार, म्हणून पत्रावर भागलं. पण तेव्हाही नव्या सेक्रेटरींच्या नमुना सह्या आणि केवायसी घेतलंच असेल. आपल्या ठरावात नावं आहेत, पदं नाहीत. पदाने लिहिणं सोयीचं असतं, मात्र पदावर आज कोण बसलंय याचा कागद दर वेळी द्यावा लागतो.

तुमचा प्रश्न बाजूला ठेवते, पण त्यावरून एक आठवलं. ठरावात नेटबँकिंगचा उल्लेखच नाही. शाखेच्या फॉर्मवर व्यवहार तयार करणारा कोण, तो मंजूर करणारा कोण, आणि एका व्यवहाराची व दिवसाची मर्यादा किती, हे विचारतात. आपल्या ठरावात दिवसाची मर्यादा नाही. ‘एक लाख’ हा आकडा तिथे उचलून टाकू नका.

श्रीनिवास, न्यू जर्सी

मेधाताई, आणखी एक खटकलं. ‘एक लाखाच्या आत’ आणि ‘एक लाखाच्या वर’. मग बरोबर १,००,००० चा चेक कुठे जातो?

मेधा, पुणे

कुठेच नाही! छान पकडलंस. सुधारित ठरावात ‘एक लाखापर्यंत, एक लाख धरून’ असं लिहून घ्या. नव्या संचालकाची कागदपत्रं विसरू नका: ते परदेशात असल्याने पासपोर्टची प्रत नोटरी किंवा भारतीय वकिलातीकडून प्रमाणित करून मागतील. १ ऑगस्टला ती पोचली नाही तर त्यांचं नाव ठरावात असूनही सही चालणार नाही.

अनिरुद्ध, सिंगापूर

ठीक, तारखेचं मान्य. पण निवृत्त होणाऱ्या ताईंनी ३० जुलैच्या तारखेचा रंगाऱ्याचा चेक सही करून ठेवलाय, ८५,००० चा. दुसरी सही अ गटातल्याच एकाची. तो ऑगस्टमध्ये लागला तर? चेक तीन महिने चालतो. सही केली तेव्हा अधिकार होता, म्हणजे बँकेने द्यायलाच हवा.

मेधा, पुणे

तत्त्व तुझ्या बाजूचं आहे. पण क्लिअरिंगला बसलेल्या माणसासमोर त्या दिवसाचं सह्यांचं कार्ड असतं, ३० जुलैचं नाही. नाव काढलेलं दिसलं की ‘सही मँडेटप्रमाणे नाही’ म्हणून चेक परत जाऊ शकतो. ठरावात ‘३१ जुलैपर्यंतच्या तारखेचे चेक आधीच्या सह्यांवर वटवावेत’ अशी ओळ घालून चेक नंबर दिला तर शाखेला आधार मिळतो. तरी मी रंगाऱ्याला चेक बदलून देईन.

अनिरुद्ध, सिंगापूर

मला नाही पटत. बँकेच्या सोयीसाठी आपण चेक का बदलायचा?

श्रीनिवास, न्यू जर्सी

तो निर्णय संचालकांवर सोडतो. आज त्यांना चार प्रश्न पाठवलेत: व्यवस्थापकांची एकट्याची सही ठेवायची का, बरोबर एक लाखाचं काय, नेटबँकिंगच्या मर्यादा, आणि रंगाऱ्याच्या चेकचा नंबर. काढायच्या नावाचं पत्र पुण्याला गेलंय, मेधाताई शाखेकडून पोच घेणार आहेत. वीजबिल पुढच्या आठवड्यात आहे, त्याचा चेक दोन सह्यांनीच काढायला सांगितलंय, म्हणजे अर्थ कोणताही निघाला तरी अडणार नाही. अ गटाची सही मात्र राहणाऱ्यांपैकीच कुणाची तरी हवी.