शब्दचर्चा: ‘कलांतर’ हा कोन आहे की वेळ?

फोंड्याची शिकवणी

मी अकरावीच्या काही मुलांची गणिताची शिकवणी घेते. कॉलेजात त्यांचे गणित इंग्रजीतून चालते, परंतु प्राथमिक शाळा मराठीतून झालेली असल्यामुळे मी त्यांना मराठीत टिपणे काढून देते. साइन आणि कोसाइनच्या आलेखांसाठी मी मांडवीच्या भरतीचे एक सोपे केलेले समीकरण घेतले होते. त्यात h ही पाण्याची उंची मीटरमध्ये आहे, t हे मध्यरात्रीपासून मोजलेले तास आहेत आणि कोन रेडियनमध्ये आहे.

```
h = 1.2 + 0.7 cos(0.506t − 1.518)
```

समीकरणातून चार गोष्टी वाचून दाखवायच्या होत्या आणि त्यांना मी आयाम, आवर्तकाल, कलांतर व उभे विस्थापन अशी नावे दिली होती. एका हुशार मुलीने पहिल्या दोन आणि शेवटची बरोबर वाचली, पण कलांतर 1.518 लिहून ‘भरती रात्री दीड वाजता’ असा निष्कर्ष काढला. खरे उत्तर तीन वाजता हे आहे. चूक तिची आहे, हे मला मान्य आहे, पण मी दिलेल्या शब्दानेच तिला त्या वाटेला लावले असावे, असे राहून राहून वाटते. ‘फेज शिफ्ट’साठी योग्य मराठी शब्द कोणता?

वास्कोचा अभियंता

बाई, शब्दात काही वावगे नाही. कंसात जे वजा केलेले असते तेवढा आलेख उजवीकडे सरकतो आणि जे मिळवलेले असते तेवढा डावीकडे, हा नियम मुलांनी पाठ केला की पुरे. आम्हीही वीजमंडलांत हेच करतो आणि वजाचिन्हापुढच्या आकड्यालाच फेज म्हणतो.

पेडणेकर

आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात आणि भरती-सुकती ही जोडी कोकणीत व इथल्या मराठीत सारखीच चालते. मोठ्या भरतीला उधाण आणि लहानीला भांग म्हणतात. हे शब्द टिपणात घ्यावेत, असे सुचवतो.

फोंड्याची शिकवणी

पेडणेकर बाब, शब्द सुंदर आहेत आणि सुकती तर मी घेणारच आहे, पण माझा प्रश्न आलेखाच्या आडव्या सरकण्याला काय म्हणावे, एवढाच आहे.

मडगावचे निवृत्त शिक्षक

वास्कोच्या मित्रांचा नियम t एकटा असतो तेव्हा खरा ठरतो. cos(t − 3) असते, तर आलेख तीन तास उजवीकडे गेला असता, यात वाद नाही. इथे मात्र t ला 0.506 ने गुणले आहे, त्यामुळे कंसातले 1.518 हे तास उरलेले नाहीत. 0.506 म्हणजे दर तासाला सरणारे रेडियन, त्याला तासांनी गुणले की रेडियन मिळतात, आणि रेडियनमधून रेडियनच वजा होऊ शकतात. म्हणून 1.518 हा कोन आहे, सुमारे 87 अंशांचा. तो कोन पार करायला लागणारा वेळ काढायचा असेल, तर वेगाने भागले पाहिजे: 1.518 भागिले 0.506, म्हणजे बरोबर तीन तास. हेच समीकरण cos 0.506(t − 3) असे लिहिले असते, तर त्या मुलीने तीनच वाचले असते.

नियम आठवेनासा झाला तरी ताळा घेता येतो. कोसाइन सर्वांत मोठा केव्हा असतो? कंसातली सगळी किंमत शून्य असते तेव्हा. 0.506t − 1.518 = 0 ठेवले की t = 3 येतो आणि उंची 1.2 + 0.7 = 1.9 मीटर निघते. आता मुलीचे दीड वाजले घालून पाहा: t = 1.518 ठेवले की कंसात सुमारे −0.75 उरते, त्याचा कोसाइन साधारण 0.73 आणि उंची 1.71 मीटर. म्हणजे दीड वाजता पाणी अजून चढतच आहे. तिचे उत्तर ‘87 वाजता’ असे आले असते, तर तिला स्वतःलाच हसू आले असते. रेडियनमध्ये ते नेमके शक्यतेच्या कोटीतले आले, म्हणून चूक निसटली.

आता शब्दाकडे येतो. फेजला ‘कला’ हा शब्द मराठी विश्वकोशात आहे आणि चंद्राच्या कलांवरून आलेला असल्यामुळे भरतीच्या उदाहरणात तो विशेष शोभतो. पण कला हा कोन आहे, चक्रात आपण कुठवर आलो याचे माप. कलांतर म्हणजे दोन कलांमधला फरक, तोही कोनच. तेव्हा 1.518 ला कलांतर म्हणणाऱ्या तुमच्या विद्यार्थिनीने शब्द अगदी अचूक वापरला, असे मी म्हणेन, तिने फक्त त्याला घड्याळ जोडले. गोंधळ मूळ इंग्रजीतच आहे, कारण ‘फेज शिफ्ट’ म्हणून अभियंते बहुधा कोन सांगतात आणि शालेय गणिताची पुस्तके बहुधा भागाकार करून आलेले आडवे अंतर सांगतात.

वास्कोचा अभियंता

सर, हे मान्य आहे. आमच्याकडे वारंवारता सगळीकडे एकच असते, त्यामुळे कोन सांगितला तरी काम भागते आणि भागाकार करण्याची वेळच येत नाही. पण मग माझे म्हणणे अर्धे तरी बरोबर आहे ना?

मडगावचे निवृत्त शिक्षक

दिशेपुरते पूर्ण बरोबर आहे. वजा असेल तर उजवीकडे, म्हणजे उशिरा, हे भागाकारानेही बदलत नाही. बदलते ते अंतर.

पणजीची मुद्रितशोधक

मी मराठी पुस्तकांची मुद्रिते तपासते, म्हणून दोन गोष्टी नोंदवते. पहिली अशी की ‘कलांतर’ हा शब्द छापताना हमखास ‘कालांतर’ होतो, आणि गंमत म्हणजे या उदाहरणात ती चूक अर्थाला अधिक जवळची ठरते! दुसरी गोष्ट ‘आयाम’बद्दलची आहे. वाचकाला ‘विषयाला नवा आयाम मिळाला’ हेच वाक्य आधी आठवते. जुन्या भौतिकशास्त्रीय मराठीत यासाठी ‘परमप्रसर’ हा शब्द होता. उच्चाराला तो जड आहे, पण मध्यापासून जास्तीत जास्त किती दूर, हे तो स्वतःच सांगतो. भरती आणि ओहोटी यांच्यातला पूर्ण फरक इथे 1.4 मीटर आहे आणि आयाम त्याच्या निम्मा, 0.7. ‘आयाम’ शब्दातून हे निम्मेपण कळत नाही, आणि माझ्या भाच्याने परीक्षेत 1.4 च लिहिले होते.

फोंड्याची शिकवणी

ती चूक माझ्याकडेही दोघांनी केली होती. मात्र ‘परमप्रसर’ म्हटले की मुले वही मिटतील, म्हणून आयाम ठेवावा आणि मधल्या पातळीची रेषा आधी आखायला लावावी, असे मला वाटते. 1.2 मीटरवर रेघ मारली की 0.7 वर आणि 0.7 खाली, हे डोळ्यांनाच दिसते.

दिवाडीचा

गणित मला फारसे कळत नाही, पण आमची खाजनाची जमीन आहे आणि बांधाला मानस आहे. बाहेरचे पाणी आतल्यापेक्षा चढले की मानशीच्या फळ्या आपोआप मिटतात आणि उतरले की उघडतात. मला भरती पूर्ण कधी होते यापेक्षा पाणी चढताना अर्ध्यावर केव्हा येते, ते हवे असते. तुमच्या समीकरणातून ते निघते का? आणि आज तीनला भरती, तर उद्याही तीनलाच का नाही?

मडगावचे निवृत्त शिक्षक

दुसरा प्रश्न आधी घेतो. पूर्ण चक्राचा कोन 2π, त्याला 0.506 ने भागले की आवर्तकाल 12.42 तास येतो, म्हणजे सुमारे 12 तास 25 मिनिटे. तीनची भरती पुन्हा दुपारी 3:25 ला आणि त्यानंतर दुसऱ्या दिवशी पहाटे 3:50 ला. रोज पन्नास मिनिटांचा उशीर, हे तुम्हाला समीकरणाविनाही ठाऊक असणार.

पहिला प्रश्न तर या चर्चेच्या गाभ्यालाच हात घालतो. तुम्हाला हवा तो क्षण साइन चटकन दाखवतो, कारण साइनच्या कंसात शून्य आले की आलेख मधल्या पातळीवर असतो आणि चढत असतो. कोसाइनच्या कोनात चक्राचा पाव भाग, म्हणजे 1.571 मिळवला की तोच आलेख साइनमध्ये लिहिता येतो:

```
h = 1.2 + 0.7 sin(0.506t + 0.053)
```

इथे 0.053 ला 0.506 ने भागले की सुमारे 0.105 तास, म्हणजे साधारण सहा मिनिटे येतात, आणि चिन्ह अधिक असल्यामुळे ती डावीकडे मोजायची. पाणी मध्यरात्रीच्या सहा मिनिटे आधी 1.2 मीटरला पोचले. आतल्या पाण्याची पातळीही नेमकी तितकीच असेल, तर तुमच्या फळ्या त्या सुमारास मिटतील.

आता पाहा, पाणी तेच, आलेख तोच, पण कोसाइनमध्ये तो तीन तास उजवीकडे सरकलेला आहे आणि साइनमध्ये सहा मिनिटे डावीकडे. म्हणून शब्द कोणताही निवडला, तरी ‘कशापासून’ हे सांगितल्याशिवाय तो अपुराच राहतो.

दिवाडीचा

हिशेब समजला. पण दिवसाच्या दोन भरत्या आमच्याकडे सारख्या चढत नाहीत. एक मोठी असते, एक लहान.

मडगावचे निवृत्त शिक्षक

बाब, निरीक्षण अचूक आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर भरती मिश्र स्वरूपाची असते. 12.42 तासांची लाट चंद्रामुळे येणारी प्रमुख लाट आहे, पण दिवसातून एकदाच येणाऱ्या लाटाही तिच्यात मिसळतात, आणि सूर्याच्या लाटेमुळे पेडणेकरांचे उधाण आणि भांग होतात. एका कोसाइनमध्ये एकच आयाम बसतो, त्यामुळे तो सगळ्या भरत्या सारख्या दाखवणारच. शिवाय नदीत आत जावे तशी भरती उशिरा पोचते. बाईंचे समीकरण वर्गासाठी ठीक आहे, मानशीसाठी नाही.

फोंड्याची शिकवणी

मी टिपणात असा बदल करते की कंसातल्या 1.518 ला ‘कला’ म्हणेन आणि भागाकारानंतरच्या तीन तासांना ‘आडवी सरक’. प्रत्येक उत्तरापुढे एकक लिहिणे सक्तीचे करीन. रेडियन लिहिले की ती वेळ नाही, हे लिहितानाच कळेल.

पणजीची मुद्रितशोधक

‘आडवी सरक’ बोलण्यात ठीक आहे, पण छापील पुस्तकात ‘क्षैतिज विस्थापन’ हवे, नाहीतर ‘उभे विस्थापन’शी जोडी जमत नाही.

वास्कोचा अभियंता

मग उभ्यालाही ‘उभी सरक’ म्हणा! जोडी जमली. एक शंका मात्र उरते. तीन तास उजवीकडे म्हटले काय किंवा 9 तास 25 मिनिटे डावीकडे म्हटले काय, आलेख एकच येतो. परीक्षेत कोणते उत्तर बरोबर धरायचे?

मडगावचे निवृत्त शिक्षक

गणिताच्या दृष्टीने दोन्ही बरोबर आहेत, आणि एकेक आवर्तकाल मिळवत गेलात तर आणखी कितीतरी. सर्वांत लहान सरक लिहावी, असा संकेत आहे. पेपर तपासणारे तो पाळतात की फक्त छापील उत्तराशी ताडून पाहतात, हे मी इतक्या वर्षांनंतरही सांगू शकत नाही.