मदत हवी आहे: अँटासिडच्या गोळीत कॅल्शियम कार्बोनेट ११० टक्के येतंय, चुकतंय कुठे?

पोहे_विथ_सेव (धागा सुरू करणारा)

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय, बीएस्सी सेकंड इयर. प्रोजेक्ट म्हणून मेडिकलमधून चघळायच्या अँटासिड गोळ्या आणल्यात, पांढऱ्या आहेत, पाकिटावर लिहिलंय एका गोळीत कॅल्शियम कार्बोनेट ५०० मिग्रॅ. ५ गोळ्यांचं मिळून वजन ६.५० ग्रॅम भरलं म्हणजे एक गोळी १.३०० ग्रॅम, बाकी सगळी साखर आणि फ्लेवर असणार. खलात बारीक करून त्यातली ०.५२० ग्रॅम पूड कोनिकल फ्लास्कमध्ये घेतली, त्यात २५ मिली पिपेटने दोनदा म्हणजे ५० मिली ०.१ मोलर एचसीएल टाकलं, फसफसून झाल्यावर उरलेलं ॲसिड ०.१ मोलर एनएओएचने टायट्रेट केलं, इंडिकेटर फिनॉल्फ्थॅलीन.

पहिल्यांदा न उकळता केलं तर रीडिंग ८.४ मिली आलं आणि गुलाबी रंग येतोय जातोय येतोय जातोय, त्यात अर्धा तास गेला. मग मैत्रीण म्हणाली उकळायचं असतं, म्हणून नवीन पूड घेऊन ५ मिनिटं उकळलं, गार केलं, तर रीडिंग ६.२. परत केलं तर परत ६.२. रंग एकदम छान टिकला.

आता गंमत बघा. ८.४ धरून हिशेब केला तर गोळीत ५२० मिग्रॅ म्हणजे लेबलच्या १०४ टक्के. ६.२ धरलं तर ५४८ मिग्रॅ, ११० टक्के! म्हणजे नीट केलं तर उत्तर जास्त बिघडलं. सर म्हणतात ९५ ते १०५ मध्ये यायला पाहिजे. मला वाटतंय उकळताना एचसीएलच उडून गेलं. मग न उकळलेलं रीडिंगच फाईलमध्ये लिहू का? गुरुवारी सबमिशन आहे.

नर्मदाकाठ

अरे हा सीओटूचाच प्रॉब्लेम आहे, शंभर टक्के. पाण्यात राहिलेला सीओटू पण ॲसिडच ना, तो राहिला की तुझा कार्बोनेटचा आकडा फुगतो. अजून उकळ, १५-२० मिनिटं, येईल खाली.

लॅबवाले_काका

नर्मदाकाठ, सीओटूवर बोट बरोबर ठेवलंत पण गणित उलटं झालं. फ्लास्कमध्ये राहिलेला सीओटू खातो कोणाला, तर ब्युरेटमधल्या एनएओएचला. म्हणजे रीडिंग वाढतं. बॅक टायट्रेशनमध्ये रीडिंग वाढलं म्हणजे आपल्याला वाटतं ॲसिड बरंच उरलं होतं, म्हणजे गोळीनं कमी खाल्लं, म्हणजे कार्बोनेट कमी. मुलाचं ८.४ वरून ६.२ झालं ते ह्याचमुळे. आणखी उकळून ११० काही खाली येणार नाही.

पोहेवाल्या बाळा, तुझं उकळलेलं रीडिंगच खरं आहे, ते सोडू नकोस. एचसीएल उडायची भीती म्हणशील तर इतक्या पातळ द्रावणातून आधी पाणीच जातं, ॲसिड मागे राहतं, फक्त आटवून कोरडं करायचं नाही. थेंब बाहेर उडाले तर मात्र नुकसान, म्हणून तोंडावर छोटं फनेल ठेवत जा. पण दोन्ही वेळेला अगदी ६.२ आलंय म्हणजे उडण्याचा प्रकार दिसत नाही, तसं असतं तर दोन रीडिंग्ज वेगवेगळी आली असती.

मला शंका आहे ती दुसरीच. तू दोनदा लिहिलंस ०.१ मोलर, ०.१ मोलर. हे कोणी ठरवलं? बाटलीवरच्या चिठ्ठीनं?

पोहे_विथ_सेव

हो काका, लॅब असिस्टंट दादांनी बनवून ठेवलेलं असतं, मोठ्या बाटल्या आहेत, चिठ्ठीवर ०.१ लिहिलंय. एचसीएलची चिठ्ठी तर पिवळी पडलीये.

सराफा_रात्री_११

भाऊ गोळ्या ५०० ची घेतोयस तर जेवणानंतर एकच पुरे, मी गराडू आणि दहीवडा खाऊन दोन घेतो पण डॉक्टर ओरडले. रोज घेत असशील तर आधी तपासून घे.

पोहे_विथ_सेव

दादा मी खात नाहीये, ॲसिडमध्ये विरघळवतोय 😅

लॅबवाले_काका

तरी परिणाम तोच रे, पोटात पण एचसीएलच असतं.

असो. लिटरला साधारण साडेआठ मिली कॉन्सन्ट्रेटेड एचसीएल टाकलं की ०.१ च्या आसपास येतं. आसपास. जुनी बाटली असेल, दहा वेळा उघडून धूर निघून गेलेला असेल, तर साडेआठ मिलीत पुरेसं ॲसिडच नसतं. आता विचार कर, फ्लास्कमध्ये खरंच गेलं ४.५ मिलिमोल आणि तू कागदावर धरलंस ५. मधला अर्धा मिलिमोल कुठे गेला? तुझ्या हिशेबात तो गोळीनं खाल्ला. गोळीच्या नावावर खोटं बिल फाटलं.

म्हणून ब्लँक कर. पूड न टाकता त्याच पिपेटने दोनदा, त्याच बाटलीतलं ५० मिली एचसीएल, तेवढंच उकळ, गार कर, तोच इंडिकेटर, तेच एनएओएच. जे येईल ते इथे टाक. पिपेट थोडी चुकीची असली तरी दोन्हीकडे सारखीच चुकेल.

मेधा_बडोदा

मी बडोद्याला क्यूसीमध्ये आहे, माझं एक सांगते. ट्रेनी असताना मला अशीच जास्त टक्केवारी येत होती, दोन दिवस ब्लँकवर ब्लँक केले, स्टँडर्डायझेशन केलं, काही फरक नाही. शेवटी पाकिटाची मागची बाजू वाचली तर कॅल्शियम कार्बोनेटबरोबर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड पण होतं. ॲसिडला काय, समोर कोण आहे ते कळत नाही, जो बेस भेटेल तो खातो, आणि आपण सगळं कॅल्शियमच्या खात्यात टाकतो. तेव्हा गोळीत नक्की काय काय आहे ते बघ. दुसरा बेस असेल तर नुसत्या बॅक टायट्रेशनने कार्बोनेट वेगळं निघणार नाही, कॅल्शियमसाठी ईडीटीए करावं लागेल. आणि गुलाबी गोळी घेतली नाहीस ते बरं केलंस, माझ्या मैत्रिणीने घेतली होती, एंड पॉइंट पहिल्या मिलीपासूनच!

पोहे_विथ_सेव

ताई पाकीट बघितलं, ॲक्टिव्हमध्ये फक्त कॅल्शियम कार्बोनेट आहे.

काका ब्लँक केला. ५० मिली यायला पाहिजे होतं ना, आलं ४६.३!! दुसऱ्यांदा पण ४६.३. म्हणजे गोळीनं खाल्लेलं ४६.३ वजा ६.२, ४०.१ मिली, त्यावरून ५०२ मिग्रॅ, १००.३ टक्के. सुटलं! खूप खूप धन्यवाद, फाईल लिहायला घेतो.

लॅबवाले_काका

थांब थांब, पेन खाली ठेव. ब्लँकनं एचसीएलची स्ट्रेंग्थ हिशेबातून काढून टाकली, हे खरं. पण ४०.१ मिली कशाचे? एनएओएचचे. आणि ते ०.१ आहे हे परत चिठ्ठीच सांगतेय. कॉस्टिक सोड्याच्या गोळ्या वजन करता करताच ओलावा ओढतात, ४ ग्रॅम म्हणून जे टाकलं त्यातलं थोडं पाणीच असतं, वर बाटलीत हवेतला सीओटू जातो. एनएओएचची खरी स्ट्रेंग्थ काढायला केएचपी असेल ना लॅबमध्ये? वाळवलेलं ०.४ ग्रॅम घे, पाण्यात विरघळव, फिनॉल्फ्थॅलीननेच कर, कारण गोळीला पण तोच वापरलास. १०० आलं म्हणून बरोबर आलं असं नसतं, तुझं १०४ पण चांगलंच दिसत होतं की.

नर्मदाकाठ

माझं उलटं झालं ते मान्य काका. पण मग मिथिल ऑरेंज वापरलं तर उकळायची भानगडच नाही ना? ते ॲसिडकडेच रंग बदलतं, तिथपर्यंत सीओटू एनएओएचला हात लावत नाही.

लॅबवाले_काका

हे मात्र बरोबर बोललात. चालतं. फक्त त्याचा लाल ते पिवळा बदल मधेच नारिंगीत रेंगाळतो, नवीन मुलं थेंब-दोन थेंब पुढेमागे करतात. आणि ब्लँक, केएचपी सगळं फिनॉल्फ्थॅलीननं आणि गोळी मिथिल ऑरेंजनं अशी खिचडी करू नये. केएचपीला तर मिथिल ऑरेंज चालतच नाही.

पोहे_विथ_सेव

आज केलं. केएचपी ०.४०८ ग्रॅमला २०.६ मिली लागलं. हिशेब असा, कोणीतरी बघा प्लीज:

```
NaOH = (408 / 204.22) / 20.6 = 0.0970 M
(46.3 - 6.2) x 0.0970 = 3.89 mmol HCl
3.89 / 2 x 100.09 = 194.7 mg CaCO3
194.7 x 1300 / 520 = 486.7 mg
486.7 / 500 x 100 = 97.3 %
```

दोनने भागलं कारण एका कार्बोनेटला दोन एचसीएल लागतात, हे मी पहिल्या दिवशी विसरलो होतो आणि दोनशेच्या वर टक्के आले होते, ते इथे सांगितलं नव्हतं 🙈 १३०० भागिले ५२० म्हणजे पुडीवरून अख्ख्या गोळीवर.

आणि न उकळलेलं ८.४ ह्याच हिशेबात टाकून बघितलं तर ९२ टक्के येतं. म्हणजे त्या दिवशीचं १०४ हे कमकुवत सोल्यूशन्सनी वर ढकललेलं आणि सीओटूनं खाली ओढलेलं.

लॅबवाले_काका

हिशेब चोख. हेच १०४ आणि ९२ फाईलमध्ये लिही, खोडू नकोस, व्हायव्हात कामाला येईल. तुझ्या ब्लँकवरून एचसीएल निघतं ०.०९०, ते पण लिही. आणि असिस्टंट दादांना सांग चिठ्ठी बदला, तुमच्या अख्ख्या बॅचची रीडिंग्ज तशीच गेली असणार.

मेधा_बडोदा

छान. फक्त एक, गोळी उकळलेली दोनदाच केलीस, आमच्याकडे तिसरं मागतात. आणि ५ गोळ्यांची सरासरी जरा कमी आहे, आम्ही २० घेतो. कारण गोळी-गोळीच्या वजनात फरक असतो.

पोहे_विथ_सेव

पाकिटात आता ३ गोळ्याच उरल्यात ताई, एक रूममेटने खाल्ली.

पण आता नवीन लोचा. सरांना दाखवलं तर म्हणाले ९७.३ हे लेबलचे टक्के झाले, मला गोळीतले कार्बोनेटचे टक्के पाहिजेत. मग १९४.७ भागिले ५२० करून ३७.४ टक्के लिहिले. तर म्हणतात हे कॅल्शियम कार्बोनेट, मी कार्बोनेट म्हणालो.

नर्मदाकाठ

मग ६० आणि १०० चं प्रमाण लाव, नुसतं सीओथ्री २२.४ टक्के येईल. पण अँटासिडमध्ये असं कोण विचारतं?

लॅबवाले_काका

प्रश्नात शब्द काय आहेत ते जसेच्या तसे टाइप कर. मला वाटतं सर ३७.४ च म्हणतायत आणि तुमचं दोघांचं बोलणं एकमेकांना चुकलंय, पण खात्री नाही.

पोहे_विथ_सेव

प्रश्न तोंडीच दिला होता काका. तिन्ही लिहितो, कशाचे टक्के ते प्रत्येकापुढे लिहून.