घरमालकांना मेल लिहायचा आहे: करार वाढवणं आणि रखडलेली दुरुस्ती, वेळ कशी मागू?

कोपऱ्यातली_खोली: आमच्या भाडेकराराची मुदत ३१ मार्चला संपते आहे आणि आम्हाला याच घरात राहायचं आहे. पण बेडरूमच्या भिंतीला ओल आली आहे, रंगाचे पोपडे सुटलेत, आणि सिंकखालचा पाइप ठिबकतो. घरमालकांना फोनवर सांगितलं की "बघू, करू" म्हणतात आणि विषय तिथेच राहतो. म्हणून आता मेल करायचं ठरवलं आहे. मसुदा असा आहे:

"महोदय, ओल व गळतीबाबत वारंवार कळवूनही कार्यवाही झालेली नाही. दुरुस्ती करून द्यावी, भाडे न वाढवता करार वाढवावा आणि भेटीसाठी वेळ द्यावी."

एरवी मी त्यांना काका म्हणते. हे फार कडक होतंय का? काय बदलू?

जुना_भाडेकरू: आधी दुरुस्ती करून घ्या, कराराचं नावच काढू नका. आणि सरळ सांगा, पाइप नीट होईपर्यंत भाडं मिळणार नाही. लगेच हलतात.

नोंदवही: दुरुस्तीचं लेखी हवं, हे बरोबर. पण भाडं थांबवू नका. करारात तशी मुभा नसेल तर थकबाकीदार तुम्हीच ठरता, आणि करार न वाढवायला त्यांना आयतं कारण मिळतं.

आता मसुद्याबद्दल. मी बरीच वर्षं नातेवाइकांची घरं भाड्याने देण्याचं काम बघतो, त्यामुळे असे मेल दुसऱ्या बाजूने वाचलेत. तुमच्या मेलला उत्तर देण्याआधी घरमालकांना तीन गोष्टी ठरवाव्या लागतील: खर्च किती, भाडं किती, भेटायचं कधी. पहिल्या दोन ठरेपर्यंत तिसरीचं उत्तरही अडकतं. म्हणून या मेलमध्ये फक्त वेळ मागा. भाड्याचा आकडा समोरासमोर बोला.

वेळ मागताना "सवड असेल तेव्हा" लिहू नका, ती सवड कधीच येत नाही. दोन नेमक्या वेळा द्या, त्यातली एक दिवसाउजेडी आणि घरीच, म्हणजे भिंत त्यांच्या डोळ्यांना दिसेल. दुरुस्तीची यादी वेगळी जोडा: काय बिघडलंय, कधीपासून, कधी सांगितलं, सोबत फोटो. फोटो दोन प्रकारचे, एक जवळून आणि एक लांबून, म्हणजे कुठली भिंत ते कळतं. आणि काका म्हणत असाल तर काकाच लिहा. अचानक "महोदय" आलं की माणूस नोटीस आल्यासारखा सावध होतो.

मेल पाठवण्याआधी करारातलं नूतनीकरणाचं आणि नोटिशीचं कलम वाचा. महिनाभर आधी कळवायचं असेल तर भेट त्याच्याही आधी व्हायला हवी.

पायरीवर: माझं डिपॉझिट घर सोडूनही परत मिळालेलं नाही. त्यासाठी असाच मेल चालेल का?

नोंदवही: तो विषय निराळा आहे, वेगळा धागा काढा. तिथे वेळ मागायची नसते, हिशेब मागायचा असतो.

थेंबथेंब: मी प्लंबिंगची कामं करतो. काका येण्याआधी ओल कुठली ते थोडं तपासून ठेवा, नाहीतर ते "खिडक्या उघड्या ठेवा" म्हणून निघून जातील. पोपडे खरवडून, भिंतीचा पृष्ठभाग पुसून कोरडा करा आणि वितभर पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवसांनी बघा. पाणी खोलीच्या बाजूला जमलं असेल तर ते हवेतलं, आणि प्लास्टिकच्या मागे जमलं असेल तर भिंतीतून येतंय. भिंतीपलीकडे बाथरूम असेल तर अजून एक बघा: वापर झाल्यावरच ओल वाढते की सतत सारखीच राहते? वापरानंतर वाढत असेल तर संशय सांडपाण्याच्या वाटेवर. सतत असेल तर नळाच्या लाइनवर, कारण तिच्यात कायम दाब असतो. हे पक्कं निदान नव्हे, पण नुसता रंग मारून काम संपवायला ते आले तर बोलायला आधार राहतो.

कोपऱ्यातली_खोली: पलीकडे बाथरूमच आहे! प्लास्टिक आजच लावते. बदललेला मेल असा:

"विषय: भाडेकरार आणि दुरुस्तीबद्दल भेटण्यासाठी वेळ

काका, नमस्कार. कराराची मुदत ३१ मार्चला संपते आहे. आम्हाला पुढेही इथेच राहायची इच्छा आहे. त्याबद्दल आणि घरातल्या दोन दुरुस्त्यांबद्दल बोलायला तुमचा अर्धा तास हवा होता. शनिवारी सकाळी १० ते १२ किंवा रविवारी दुपारी ४ नंतर आम्ही घरी आहोत. भिंत उजेडात बघता येईल म्हणून शनिवार जास्त बरा. दोन्ही वेळा गैरसोयीच्या असतील तर तुमची वेळ कळवा. यादी आणि फोटो जोडले आहेत."

नोंदवही: छान झालाय. मेल गेला की त्यांना एक फोन करा, "मेल टाकलाय" एवढंच सांगायला. भेट झाली की त्याच संध्याकाळी काय ठरलं ते त्याच मेलच्या उत्तरात लिहा: कुठलं काम, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. नव्या करारावर सही करण्याआधी ती तारीख करारात घाला.

जुना_भाडेकरू: पण राहायचंय हे आधीच सांगितलं तर भाडं वाढवतील ना?

नोंदवही: वाढवू शकतात. माझ्या मते सांगितलेलं बरं, कारण भाडेकरू राहणार की नाही हे माहीत नसताना भिंत फोडायला कोणी तयार होत नाही. पण आसपास घरं सहज मिळत असतील तर तुमचं म्हणणंही चुकीचं नाही.

कोपऱ्यातली_खोली: इथे घरं पटकन मिळत नाहीत, म्हणून ते वाक्य ठेवते. मेल आज रात्री पाठवते. सिंकखाली सध्या बादली ठेवली आहे, पाइपचं काम भेटीपर्यंत थांबेल का?

थेंबथेंब: ठिबक असेल तर थांबेल. धार लागली तर सिंकखालचा कॉक बंद करा आणि भेटीची वाट न बघता त्यांना लगेच फोन करा.