अनुभव धागा: विज्ञान प्रदर्शनाचा तुमचा विषय तुम्हाला कुठे सापडला?

प्रदर्शनात मांडलेला प्रकल्प सगळे पाहतात. तो विषय कसा सुचला, कोणी कोणता प्रश्न विचारला म्हणून तो आकाराला आला, हे मात्र कुठेच लिहिलं जात नाही. म्हणून हा धागा. सुरुवात जळगाव जिल्ह्यातल्या दहावीच्या एका विद्यार्थिनीने तिच्या सरांना लिहिलेल्या पत्राने करते. तिच्या परवानगीने ते इथे देत आहे. तुमचे अनुभव खाली जोडा.

विद्यार्थिनीचं पत्र

आदरणीय सर,

सा. न.

तालुक्याला आपला माठाचा प्रकल्प दुसरा आला आणि जिल्ह्यासाठी निवडला गेला, हे तुम्हाला कळलंच आहे. त्या दिवशी गर्दीत नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

मागच्या एप्रिलमध्ये मी तुमच्याकडे आले तेव्हा मला हायड्रॉलिक जेसीबी करायचा होता. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. फक्त म्हणालात, "आधी आठ दिवस एक काम कर. घरात कोणी कशाबद्दल तक्रार केली की ते वाक्य जसंच्या तसं वहीत लिही." मी एकतीस वाक्यं लिहिली. लाइटची, उंदरांची, माझ्या भावाची. तुम्ही वही घेऊन बसलात आणि प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न विचारलात, "हे तू कशाने मोजशील?" ज्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं त्यावर मीच काट मारायची. शेवटी चार उरली. त्यातलं एक आजीचं होतं: "हा माठ आता म्हातारा झाला. पाणी तोंडाला गार लागत नाही. नवा आणा."

मी लगेच म्हणाले, थर्मामीटरने मोजेन. तुम्ही विचारलंत, "काल पाणी २८ होतं आणि आज ३१ आहे, तर माठ एका दिवसात म्हातारा झाला का?" मला उत्तर आलं नाही. घरी जाऊन दोन दिवस विचार केला. तापमान त्या दिवशीच्या हवेवर जातं. मग माठ स्वतः काय करतो? तो पाझरतो आणि ते पाणी उडून जातं. उडालं म्हणजे वजन कमी झालं. तिसऱ्या दिवशी मी धावत आले आणि म्हणाले, "सर, माठ वजनकाट्यावर ठेवायचा!" तुम्ही हसलात ते मला अजून आठवतं. विषय माठ आहे हे आजीने सांगितलं होतं, पण प्रकल्प त्या दिवशी सुरू झाला.

किराणा दुकानाचा काटा मिळाला नाही, म्हणून लटकता डिजिटल काटा आणला आणि आजीच्या जुन्या शिंकाळ्यात माठ टांगला. काटा १० ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो. मी दर तासाला वजन घेत होते आणि आकडे उड्या मारत होते. तुम्ही सांगितलंत की तासाला वीस-पंचवीस ग्रॅमच जात असतील तर हा काटा तासाला बोलूच शकत नाही, त्याला आठ तास दे. मग सकाळी ८ आणि दुपारी ४, दोनच वेळा.

प्रत्येक माठात ८ लिटर पाणी. चांगल्या दिवशी नव्या माठाचं वजन आठ तासांत ४८० ग्रॅमने उतरलं आणि आमच्या सहा वर्षांच्या माठाचं १८० ने. चार वाजता ओसरीत ३८ अंश होते. नव्या माठातलं पाणी २६, जुन्यातलं ३३. तिसरा माठ मी बाहेरून ऑइलपेंटने रंगवला होता, त्याचं वजन जवळजवळ हललं नाही आणि पाणी ३६ ला पोचलं.

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, कुकरलासुद्धा आतून पांढरा थर बसतो. जुन्या माठावर बाहेरून तसाच थर होता. व्हिनेगरमध्ये बुडवलेलं फडकं रात्रभर गुंडाळून ठेवलं तेव्हा बारीक बुडबुडे आले. धुऊन, तीन दिवस पाणी बदलून पुन्हा वजन केलं: जुना ३००, त्याच दिवशी नवा ४६०. नवा माठ रोज शेजारी का ठेवायचा हे मला तेव्हा समजलं. दिवस बदलला तरी दोघांची तुलना बदलत नाही.

परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला, "हा विषय कोणी दिला?" मी आजीचं वाक्य वहीतून दाखवलं. सर, ती वही मी अजून लिहिते.

आपली विद्यार्थिनी

विज्ञान शिक्षिका, सोलापूर. वीस वर्षं परीक्षणही करते

बाळ, काम चांगलं आहे म्हणूनच विचारते. माठाखाली ताटली ठेवली होतीस का? नवा माठ सुरुवातीला थेंब-थेंब गळतो. जे गळून पडलं त्याने पाणी गार केलेलं नसतं, पण काट्यावर ते उडाल्यासारखंच दिसतं.

दुसरी गोष्ट, तुझ्या आकड्यांत एक सुंदर गोष्ट लपली आहे. एक ग्रॅम पाणी उडताना साधारण २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. ४८० ग्रॅमची झाली ११५० च्या आसपास. आठ लिटर पाणी एक अंश उतरवायला साडेतेहेतीस लागतात. म्हणजे हिशेबाने पाणी ३४ अंशांनी उतरायला हवं होतं! तू सकाळी भरलंस तेव्हा ते किती होतं?

विद्यार्थिनी

२९ होतं, मॅडम. म्हणजे तीनच अंश उतरलं. ताटली पहिल्या चार दिवशी नव्हती. सरांनी विचारल्यावर ठेवली आणि ते चार दिवस आम्ही तक्त्यातून काढून टाकले.

विज्ञान शिक्षिका, सोलापूर

छान केलंत. मग बाकीचा गारवा कुठे गेला? ओसरीतली ३८ अंशांची हवा दिवसभर माठाला तापवत होती, ती उष्णता परतवण्यातच तो खर्च झाला. जिल्ह्याला हा हिशेब तक्त्यावर मांड. जुना माठ का हरतो ते त्यातून दिसतं: त्याच्याकडे परतवायला फक्त १८० ग्रॅम आहेत.

एक उणीव मात्र सांगते. व्हिनेगरने धुतल्यावर सुधारणा झाली. पण नुसत्या पाण्याने, काथ्याने घासून धुतला असता तर? थर क्षाराचा होता की बारीक गाळ आणि शेवाळ्याचा, हे एवढ्यावरून ठरत नाही. बुडबुडे क्षाराकडे बोट दाखवतात. पण छिद्रं त्यानेच बुजली होती हे त्यातून सिद्ध होत नाही.

रत्नागिरीहून, गृहिणी

आमचा माठ तर याच वर्षी आणलेला आहे, तरी मे महिन्यात पाणी गार होतच नाही. व्हिनेगर किती घालायचं? बाटलीभर पुरेल का?

विज्ञान शिक्षिका, सोलापूर

ताई, तुमच्या माठाचा दोष नाही, धुऊ नका. माठ पाण्याला एका मर्यादेखाली नेऊच शकत नाही. ती मर्यादा बघायची असेल तर साध्या थर्मामीटरच्या फुग्याला ओलं सुती कापड गुंडाळा आणि पंख्यासमोर धरा. पारा जिथे थांबेल त्याखाली माठ जाणार नाही. खानदेशात ३८ अंशांच्या कोरड्या हवेत तो २१ च्या आसपास थांबतो. तुमच्याकडे हवा ३३ अंशच असली तरी दमट, त्यामुळे तो २८ लाच अडतो.

रत्नागिरीहून, गृहिणी

म्हणजे माझे सासरे दर वर्षी नवा माठ आणत होते ते उगाचच! आज ओल्या फडक्याचं करून बघते.

निवृत्त, नागपूर

आम्ही लहानपणापासून माठाला ओलं गोणपाट गुंडाळून वाऱ्यात, ओल्या वाळूवर ठेवतो. पाणी हमखास गार. कारण सोपं आहे, माती मुळात थंड असते, ती पाण्यातली उष्णता शोषून घेते. म्हणून माठ नेहमी जाड बघून घ्यावा.

विद्यार्थिनी

आजोबा, गोणपाट आणि वाऱ्याचं तुमचं बरोबर आहे, सरांनीही तेच सांगितलं. पण माती उष्णता शोषत असती तर माझ्या रंगवलेल्या माठातही पाणी गार राहायला हवं होतं. तो त्याच कुंभाराकडचा होता. त्यात ३६ झालं.

निवृत्त, नागपूर

रंगाचीच उष्णता असेल की. तरी बघतो. माझ्याकडे एक रंगवलेला आणि एक साधा आहे, दोन्ही भरून ठेवतो.

कुंभाराच्या घरातला, खानदेश

जाडीबद्दल सांगतो, माझे वडील आणि काका आजही चाक फिरवतात. माठ पाझरतो तो मातीत काय कालवलंय त्यावर. आम्ही राख आणि घोड्याची लीद घालतो. भट्टीत ती जळून जाते आणि तिच्या जागी बारीक छिद्रं राहतात. माती नुसतीच घोटली तर माठ देखणा होतो, पण पाणी गार करत नाही. शिवाय एकाच भट्टीतले दोन माठ सारखे नसतात. आगीजवळचा जास्त भाजतो, वाजवला की खणखणतो, तो कमी पाझरतो. ताई, तू रंगवलेला आणि साधा असे दोन वेगळे माठ घेतलेस. ते मुळात सारखे होते हे तू कसं तपासलंस?

आणि नवा माठ पहिल्या दिवसांत जास्त पाझरतो, नंतर बसतो. तुझी तुलना ज्याच्याशी, तोच हलत होता.

विद्यार्थिनी

दादा, रंगवण्याआधी दोन्ही एक दिवस तोलले होते, फरक ४० ग्रॅमचा होता. पण नवा बसतो हे मला माहीतच नव्हतं. आत्ता वही उघडून बघितली. ताटली ठेवल्यानंतरच्या पहिल्या दिवशी नव्याचं ५४० आहे. मला वाटलं होतं त्या दिवशी वारा जास्त असेल.

निफाडहून, बी.एस्सी.ला आहे

माझाही विषय घरच्या तक्रारीतूनच आला. चाळीतला कांदा दर वर्षी "घटतो", पण किती आणि कशाने, कोणी सांगत नव्हतं. मी एक गोणी दर रविवारी तोलली. वजन उतरत होतं, आलेखही सरळ आला. परीक्षकांनी विचारलं, "यात वाळून किती गेलं आणि सडून किती?" माझ्याकडे एकच आकडा होता. गोणीतून सडका कांदा निवडून वेगळा तोलायला हवा होता, ते दुसऱ्या वर्षी केलं. मला कोणी सर नव्हते. असते तर ते वर्ष वाचलं असतं असं हे पत्र वाचून वाटलं.

पत्र ज्यांना लिहिलं ते सर

पत्र घरी फ्रेम करून ठेवलं आहे. एक दुरुस्ती: वजनाची कल्पना माझ्याही डोक्यात नव्हती. मी ओल्या फडक्याच्या थर्मामीटरकडे तिला नेणार होतो. ती काटा घेऊन आली म्हणून मी हसलो. खानदेशातल्या दादांनी सांगितलेली गोष्ट मलाही नवी आहे. ५४० च्या दिवसाला आम्ही दोघांनी वारा म्हणून सोडून दिलं.

विद्यार्थिनी

सर, मग जिल्ह्याला तक्त्यात ५४० ठेवते आणि खाली खरं कारण लिहिते. मॅडम, शेजारच्या काकूंकडे आमच्याएवढाच जुना माठ आहे, त्यांनी द्यायचं कबूल केलंय. मे महिन्यात एक व्हिनेगरने, एक नुसत्या पाण्याने. दादा, नवा माठ आधी किती दिवस भरून ठेवू?

कुंभाराच्या घरातला, खानदेश

पंधरा दिवस तरी. आणि एक नको, तीन घे. मार्चमध्ये भट्टी लागते तेव्हा ये, एकाच थरातले काढून देतो.