शकुंतलेच्या गोष्टीतलं 'मूळ' नेमकं कोणतं?

मृण्मयी, कोथरूड: कॉलेजच्या मुलांना घेऊन शकुंतलेवर दीर्घांक बसवतेय. दुर्वासांचा शाप आणि अंगठी काढून टाकलीय. आमचा राजा सरळ खोटं बोलतो. तालमीला आलेले एक काका म्हणाले, "मूळ कथाच मोडलीत!" अन्याय झालेली पुराणातली बाई नव्यानं लिहिताना किती बदलावं?

सदाशिवपेठी: काकांशी सहमत. आजचा राग जुन्या पात्रांच्या तोंडी कोंबू नये. कालिदासाची शकुंतला काही मुकी नाही, पाचव्या अंकात भर दरबारात ती राजाला 'अनार्य' म्हणते. १८८० साली पुण्यात किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं तेही कालिदासाचंच. मूळ सोडून मिळवायचं काय?

अनघा: पण कालिदास हे मूळ नव्हे. आपल्याच भांडारकर संस्थेची महाभारताच्या आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती उघडा, सुकथनकरांनी संपादलेली, १९३३ची. तिथे शापही नाही, अंगठीही नाही. लग्नाआधीच शकुंतला अट घालते: माझा मुलगा युवराज होईल. पुढे त्या मुलाला घेऊन ती दरबारात जाते. राजाला सगळं आठवतं, तरी तो ओळख नाकारतो. तेव्हा ती सुनावते की दुसऱ्याचे मोहरीएवढे दोष तुला दिसतात, स्वतःचे बेलफळाएवढे दिसूनही दिसत नाहीत. शाप आणून कालिदासानं राजाला निर्दोष केलं. मृण्मयी, तू बदलत नाहीयेस, आधीचा बदल काढतेयस.

सदाशिवपेठी: आदिपर्वाचं मान्य, माझं चुकलं. पण तिथेही निकाल आकाशवाणीनंच लागतो ना? राजा म्हणतो, नुसत्या हिच्या शब्दावर मुलगा स्वीकारला असता तर लोकांनी संशय घेतला असता.

अनघा: खरी अडचण तिथेच आहे. बाई इतकी बोलते, तरी तिचा शब्द पुरत नाही. मृण्मयी, आकाशवाणी ठेवलीस का?

मृण्मयी: नाही. ती मुलाचा हात धरून निघून जाते, तिथे पडदा.

वैशाली, हडपसर: मला संस्कृत येत नाही, पण माझ्या आत्याचं लग्न देवळात झालं होतं, साक्षीदार नाहीत, कागद नाही. नवऱ्यानं पुढे कानावर हात ठेवले. शाळेच्या दाखल्यावर मुलाला बापाचं नाव लागावं म्हणून ती कितीदा त्याच्या दारात गेली. नवरा तिला नकोच होता.

अनघा: मग शेवटाबद्दल माझी शंका पक्की झाली. महाभारतातही ती पाठ फिरवते, पण जाताना बजावते: तुझ्याशिवायही माझा मुलगा ही पृथ्वी राखेल. ती प्रेम मागायला आलेलीच नव्हती, मुलाचा हक्क मागायला आली होती. नुसतं निघून जाणं स्वाभिमानी दिसतं, पण तिची मागणी हवेत राहते.

सदाशिवपेठी: मग आकाशवाणी परत घ्या.

मृण्मयी: ती घेतली की पुन्हा दुसऱ्या कुणाच्या तरी साक्षीनं ती खरी ठरते, ते मला नकोय. जातानाचं ते वाक्य मात्र घेते. वैशालीताई, आत्याच्या मुलाला शेवटी नाव लागलं का?

वैशाली, हडपसर: आईचं लावलं.